मोकळा पॉट ५ व्होल्ट दाखवतो, लोड जोडल्यावर ४ का?

१० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर घेतला, त्याच्या दोन टोकांना १० व्होल्ट दिले, नॉब बरोबर मधोमध आणला आणि मधल्या पायावर मीटर लावला. मीटर ५ व्होल्ट दाखवतो. इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे. मग त्याच मधल्या पायाला पुढचं सर्किट जोडलं आणि नॉबला हातही न लावता मीटर ४ व्होल्टवर आला. बहुतेकांना पहिली शंका पॉटचीच येते. दुसरा पॉट लावतात, तोही ४ दाखवतो. पुढचं सर्किट काढलं की पुन्हा ५.

यात बिघाड कुठेच नसतो. पॉट, पुरवठा आणि सर्किट तिन्ही ठीक असतात. ‘मधोमध म्हणजे निम्मं’ हे गणित ज्या अटीवर उभं आहे, ती अट पुढचं सर्किट जोडताच मोडते.

## मोकळ्या पॉटचं गणित

पॉटच्या आत रोध असलेली एक पट्टी असते. तिला ट्रॅक म्हणतात. ट्रॅकची दोन टोकं बाहेरच्या दोन पायांना जोडलेली असतात. मधल्या पायाला जोडलेला सरकता संपर्क म्हणजे वायपर. नॉब फिरवला की वायपर ट्रॅकवरून सरकतो आणि ट्रॅकचे वरचा आणि खालचा असे दोन भाग पाडतो.

वायपरला काहीच जोडलेलं नसेल, तर वरच्या भागातून येणारा सगळा करंट खालच्या भागातून जातो, कारण त्याला दुसरी वाट नसते. करंट एकच असल्यामुळे व्होल्टेज रोधाच्या प्रमाणात वाटलं जातं. मधोमध दोन्ही भाग ५-५ किलोओहमचे, म्हणून ५ व्होल्ट. तीन चतुर्थांशावर साडेसात व्होल्ट. पॉट एकूण १० किलोओहमचा आहे की ५० चा, याने काही फरक पडत नाही. फक्त वायपर कितव्या हिश्श्यावर आहे, एवढंच महत्त्वाचं.

हे आदर्श उत्तर. त्याची अट एकच: वायपरमधून करंट बाहेर जाता कामा नये.

## लोड जोडला की आत काय बदलतं

वायपर आणि ग्राउंड यांच्यामध्ये जे काही जोडू, त्याला लोड म्हणायचं. इथे लोड १० किलोओहमचा धरू. आता वायपरपासून ग्राउंडकडे जायला दोन वाटा झाल्या: ट्रॅकचा खालचा ५ किलोओहमचा भाग आणि शेजारचा १० किलोओहमचा लोड. दोन्ही समांतर आहेत, म्हणून त्यांचा मिळून रोध ३.३३ किलोओहम होतो. वरचा भाग मात्र ५ किलोओहमचाच राहिला. म्हणजे १० व्होल्ट आता ५ आणि ५ मध्ये न वाटता ५ आणि ३.३३ मध्ये वाटले जातात, आणि खालच्या वाट्याला बरोबर ४ व्होल्ट येतात.

लांब, अरुंद नळीतून पाणी वाहतंय आणि नळीच्या मध्यावर दाब निम्मा आहे, अशी कल्पना करा. मध्यावरच एक तोटी काढून थोडी उघडली, तर वरच्या अर्ध्या नळीतून आता जास्त पाणी येऊ लागतं. जास्त पाणी त्याच अरुंद नळीतून येताना दाबही जास्त खर्च होतो, म्हणून तोटीपाशी दाब उतरतो. पॉटच्या वरच्या भागाचं नेमकं हेच होतं. लोडचा करंटही त्याच भागातून यावा लागतो, आणि त्याची किंमत व्होल्टेजमध्ये मोजावी लागते.

सूत्रात मांडायचं तर वायपरची जागा `x` (खाली शून्य, वर एक) आणि पॉटचा एकूण रोध भागिले लोडचा रोध म्हणजे `r`:

```
Vout = Vin * x / (1 + r * x * (1 - x))
```

लोड नसेल तर `r` शून्य होतो, छेद १ होतो आणि आदर्श उत्तर परत मिळतं. सगळी गडबड छेदातल्या `x * (1 - x)` मध्ये आहे. वायपरच्या बाजूने पाहिलं तर पॉट म्हणजे एक बॅटरी आणि तिच्यासोबतचा अंतर्गत रोध. तो अंतर्गत रोध म्हणजे ट्रॅकचे दोन भाग समांतर धरून येणारा आकडा. टोकांना तो शून्य असतो आणि मध्यावर सर्वांत जास्त, म्हणजे पॉटच्या एकूण रोधाच्या पाव. १० किलोओहमच्या पॉटसाठी अडीच किलोओहम. नॉब फिरवताना व्होल्टेज बदलतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण अंतर्गत रोधही बदलत असतो हे सहसा लक्षात येत नाही. पुढच्या बहुतेक अडचणी त्यातूनच निघतात.

## चूक प्रत्येक जागी वेगळी

तोच पॉट, तोच १० किलोओहमचा लोड आणि १० व्होल्ट. वायपर खालून वर नेत गेलो तर आकडे असे येतात:

| वायपरची जागा | आदर्श (व्होल्ट) | लोडसह (व्होल्ट) | घट (व्होल्ट) |
|---|---|---|---|
| ०% | ० | ० | ० |
| २५% | २.५० | २.११ | ०.३९ |
| ५०% | ५.०० | ४.०० | १.०० |
| ७५% | ७.५० | ६.३२ | १.१८ |
| ९०% | ९.०० | ८.२६ | ०.७४ |
| १००% | १० | १० | ० |

अंतर्गत रोध मध्यावर सर्वांत जास्त, मग घटही मध्यावरच सर्वांत जास्त असायला हवी, असं वाटतं. तसं होत नाही. घट ठरवायला अंतर्गत रोधाबरोबर वायपरवरचं व्होल्टेजही लागतं आणि ते वर जाताना वाढत असतं. दोघांच्या ओढाताणीत सर्वांत मोठी घट मध्याच्या वर सरकते. लोड पॉटपेक्षा बराच मोठा असेल तर ती जागा दोन तृतीयांशावर येते. आपल्या उदाहरणात लोड पॉटएवढाच आहे, म्हणून ती आणखी थोडी वर, ६९ टक्क्यांच्या आसपास आहे आणि तिथे घट १.२२ व्होल्ट आहे.

## ‘पण दोन्ही टोकांना तर बरोबर येतंय’

येणारच. खालच्या टोकाला वायपर थेट ग्राउंडवर असतो आणि वरच्या टोकाला थेट पुरवठ्यावर. दोन्हीकडे अंतर्गत रोध शून्य, म्हणून चूकही शून्य. म्हणूनच नॉब एकदा पूर्ण खाली आणि एकदा पूर्ण वर नेऊन ‘तपासलं, ठीक आहे’ असं म्हणण्यात अर्थ नाही. ही चूक त्या दोन जागी कधीच दिसत नाही.

याच कारणासाठी ती एखादी ठरावीक रक्कम मिळवून किंवा एका आकड्याने गुणून काढता येत नाही. टोकांना बरोबर असलेलं गुणलं तर टोकं बिघडतील. पॉट जागा मोजण्यासाठी वापरला असेल, म्हणजे एखाद्या दांड्याचा कोन किंवा सरकपट्टीचं अंतर, तर रेषा सरळ राहत नाही, मधे खाली वाकते. टोकं जुळलेली आणि मधली मापं कमी, हे चित्र दिसलं की आधी लोडकडे पाहावं.

## ‘मला फक्त ५ व्होल्ट हवेत, नॉब थोडा वर फिरवतो’

हे चालतं, पण काय पत्करतोय ते माहीत असावं. आपल्या उदाहरणात लोडसह ५ व्होल्ट मिळवायला वायपर ६१.८ टक्क्यांवर न्यावा लागतो. आता लोड काढला तर मीटर ६.१८ व्होल्ट दाखवतो. घरी करून पाहण्यासारखा हा प्रयोग आहे: १० किलोओहमचा लिनिअर पॉट, म्हणजे नॉब फिरेल त्याच प्रमाणात रोध बदलणारा, १० किलोओहमचा एक रेझिस्टर आणि १० व्होल्ट. रेझिस्टर लावून ५.०० वर आणा, मग रेझिस्टरचा एक पाय सोडा. मीटर ६.१८ च्या जवळ गेला नाही, तर पॉटचा खरा रोध मोजून पाहावा.

धोका इथेच आहे. पुढची वायर सैल झाली किंवा पुढच्या सर्किटने करंट घेणं थांबवलं, की व्होल्टेज ५ वरून ६.१८ वर उडी मारतं. त्याच वायपरला आणखी एखादा भाग जोडलेला असेल, तर त्याला सव्वा व्होल्ट जास्त सोसावे लागतात. लोड स्थिर नसेल, दर क्षणी कमी-जास्त करंट घेत असेल, तर वायपरवरचं व्होल्टेजही त्याच्याबरोबर हलत राहतं. अशा ठिकाणी पॉट व्होल्टेजचा पुरवठा म्हणून वापरायचाच नसतो.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. पॉटवर १० किलोओहम छापलेलं असलं, तरी साध्या पॉटमध्ये खरा रोध वीस टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो, यालाच टॉलरन्स म्हणतात. मोकळ्या पॉटला त्याचं सोयरसुतक नसतं, कारण तिथे फक्त गुणोत्तर चालतं: ८ किलोओहमचा असो की १२ चा, मध्यावर ५ व्होल्टच. लोड जोडला की हे संरक्षण जातं. १० किलोओहमच्या लोडवर ८ किलोओहमचा पॉट मध्यावर ४.१७ व्होल्ट देतो आणि १२ किलोओहमचा ३.८५. एका पॉटवर बसवलेली दुरुस्ती दुसऱ्या पॉटवर चुकते, याचं कारण हेच. पॉट गरम होऊन ट्रॅकचा रोध बदलला, तर तो बदलही आता उत्तरात उतरतो.

## लोड किती मोठा असला म्हणजे पुरे

लोड पॉटच्या दहापट असावा, असं सगळीकडे सांगितलं जातं. त्याने नेमकं काय मिळतं ते पाहू. दहापट लोडला सर्वांत मोठी चूक पूर्ण व्होल्टेजच्या १.४५ टक्के येते, म्हणजे १० व्होल्टवर जवळपास १४५ मिलिव्होल्ट. शंभरपट लोडला ती ०.१५ टक्क्यांवर उतरते. लोड मोठा असेल तेव्हा अंदाजासाठी एक सोपी गोष्ट लक्षात ठेवता येते: पॉट भागिले लोड, गुणिले १५ टक्के.

आवाजाची पातळी किंवा दिव्याचा उजेड ठरवायला दीड टक्का कुणाला कळतही नाही. पण तेच व्होल्टेज १० बिटच्या एडीसीने, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या सर्किटने, वाचायचं असेल, तर दीड टक्का म्हणजे १०२४ पैकी सुमारे १५ पायऱ्या. जागा मोजायची असेल तर तो खूप झाला. त्यामुळे दहापट हा सुरुवातीचा अंदाज म्हणून ठीक आहे. तो पुरतो की नाही, हे काम ठरवतं.

## ‘मग पॉटच छोटा घेऊ’

छोट्या रोधाचा पॉट घेतला की चूक कमी होते, हे खरं. १० किलोओहमच्या लोडला १ किलोओहमचा पॉट लावला की दहापट झाली. त्यातून १० व्होल्टवर सतत १० मिलिअँपिअर वाहतील आणि ०.१ वॅट उष्णता होईल. हे चालण्यासारखं आहे. शंभरपटीसाठी १०० ओहमचा पॉट घेतला, तर १०० मिलिअँपिअर आणि पूर्ण १ वॅट. नेहमीच्या छोट्या कार्बन पॉटना हे झेपत नाही, ते पाव वॅट किंवा त्याहून कमी क्षमतेचे असतात.

वॅटच्या आकड्यातही एक फसगत आहे. पाव वॅट ही क्षमता पूर्ण ट्रॅक मिळून असते. १० किलोओहमच्या पाव वॅटच्या पॉटमध्ये ट्रॅकच्या कुठल्याही भागातून जास्तीत जास्त ५ मिलिअँपिअर जाऊ द्यावेत. छोटी मोटर किंवा दिवा थेट वायपरला जोडणाऱ्यांचे पॉट यामुळेच जळतात. समजा लोड १०० ओहमचा आहे आणि नॉब ९५ टक्क्यांवर आहे. वरचा भाग ५०० ओहमचा, खाली साडेनऊ किलोओहम आणि १०० ओहम समांतर, म्हणजे सुमारे ९९ ओहम. लोडला मिळतात १.६५ व्होल्ट, आणि वरच्या ५०० ओहममधून वाहतात जवळपास १७ मिलिअँपिअर. ट्रॅकच्या त्या पाच टक्के तुकड्यात ०.१४ वॅट उष्णता होते, आणि त्याच्या वाट्याची क्षमता फक्त ०.०१२५ वॅट आहे. म्हणजे अकरापट. मोटर फिरत नाही म्हणून माणूस नॉब आणखी वर नेतो, तुकडा आणखी लहान होतो, करंट आणखी वाढतो आणि वरच्या टोकाजवळ ट्रॅक करपतो. जळका वास आला, आणि नंतर नॉब शेवटाजवळ नेल्यावर व्होल्टेज अचानक गायब होऊ लागलं, तर हेच झालेलं असतं.

## लोड आणि पॉट यांच्यामध्ये बफर

योग्य उपाय म्हणजे वायपरमधून करंट घ्यायचाच नाही. यासाठी ऑप-अँप बफर म्हणून जोडतात: जेवढं व्होल्टेज आत येतं तेवढंच बाहेर देतो, पण लोडचा करंट स्वतःच्या पुरवठ्यातून देतो. एलएम ३५८ या आठ पायांच्या चिपमध्ये असे दोन ऑप-अँप असतात. वायपर ३ नंबरच्या पायाला, १ आणि २ नंबर एकमेकांना जोडलेले, आणि लोड १ नंबरवर. पुरवठा ८ नंबरवर, ग्राउंड ४ नंबरवर. दुसरा ऑप-अँप वापरायचा नसेल, तर ६ आणि ७ नंबर एकमेकांना जोडून ५ नंबर ग्राउंडला द्यावा.

या चिपचं आउटपुट पुरवठ्याच्या सुमारे दीड व्होल्ट खालीच थांबतं. म्हणून पॉटला १० व्होल्ट असतील तर चिपला १२ व्होल्ट किंवा जास्त द्यावेत. दोन्हींना १० च दिले, तर नॉब वर नेताना आउटपुट साडेआठच्या आसपास अडकतं आणि पुढे नॉब फिरवूनही हलत नाही. मोटर किंवा दिव्यासाठी एकटा ऑप-अँप पुरत नाही, त्याच्या पुढे ट्रान्झिस्टर लागतो.

बफरच्या इनपुटमध्ये काही नॅनोअँपिअर करंट असतो. अडीच किलोओहमच्या अंतर्गत रोधातून त्याचा फरक मिलिव्होल्टच्या अंशात येतो. चिपची स्वतःची दोन-चार मिलिव्होल्टची चूक त्याहून मोठी असते. वायपरचा संपर्क क्षणभर सुटला तर मात्र मोकळं राहिलेलं इनपुट वर चढतं आणि आउटपुटही त्याच्यासोबत वर जातं. ते टाळायला वायपरपासून ग्राउंडला १ मेगाओहमचा रेझिस्टर लावतात. आता हाही लोडच आहे, पण पॉटच्या शंभरपट, म्हणून त्याची चूक ०.१५ टक्क्यांपलीकडे जात नाही. एवढी किंमत देण्यासारखी आहे.

## प्रोग्राममधून दुरुस्ती करता येते का?

लोड साधा आणि न बदलणारा रेझिस्टर असेल, तर येते. सूत्र उलटं सोडवायचं. आलेलं व्होल्टेज भागिले पुरवठा म्हणजे `y`:

```
x = (r*y - 1 + sqrt((1 - r*y)^2 + 4*r*y^2)) / (2*r*y)
```

`y` शून्य असेल तेव्हा भागाकार फसतो, म्हणून तिथे `x` शून्य असं वेगळं लिहावं. `r` पॉटवर छापलेल्या आकड्यावरून काढू नये, टॉलरन्सचा घोळ वर पाहिलाच आहे. तो मोजूनच घ्यावा: लोड काढून नॉब बरोबर निम्म्या व्होल्टेजवर आणा, नॉब न हलवता लोड जोडा आणि आता येणारा `y` घ्या.

```
r = 2/y - 4
```

आपल्या उदाहरणात `y` ०.४ येतो, म्हणून `r` बरोबर १. एलईडी, मोटर किंवा आत बॅटरी चार्ज होणारं सर्किट हा लोड असेल, तर ही दुरुस्ती लागू पडत नाही, कारण त्यांचा रोध व्होल्टेजप्रमाणे बदलत राहतो.

## मीटरवर विश्वास ठेवायचा का?

साधारण डिजिटल मीटरचा इनपुट रोध १० मेगाओहम असतो. १० किलोओहमच्या पॉटसाठी तो हजारपट, म्हणून त्याची चूक दिसतही नाही. पॉट १ मेगाओहमचा असेल तर मीटर फक्त दहापट उरतो, आणि मध्यावर ५ ऐवजी ४.८८ व्होल्ट दाखवतो. काट्याचा मीटर आणखी जड लोड असतो. दर व्होल्टला २० किलोओहमचा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर २०० किलोओहमचा होतो. १०० किलोओहमच्या पॉटच्या मध्यावर तो ४.४४ दाखवेल, आणि रेंज बदलली की वाचनही बदलेल. रेंज बदलल्यावर वाचन हललं, तर मीटरच पॉटला ओढतोय असं समजावं.

मोजताना पुढचं सर्किट जोडलेलंच ठेवावं आणि मीटरचा ग्राउंड लोडच्या ग्राउंडलाच लावावा. एकदा लोडसह आणि एकदा लोडशिवाय, दोन्ही आकडे लिहावेत, आणि नॉब दोन तृतीयांशावर असताना ते घ्यावेत.